शिष्यवृत्ती समितीला लिहायचा खुलासा: सीजीपीए ६.६७ वरून ७.०० कडे जाण्याचा हिशेब

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून रोज बेळगावला ये-जा करून इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी शिकते. एका ट्रस्टची वर्षाला २४,००० रुपयांची शिष्यवृत्ती दोन हप्त्यांत मिळते आणि ती चालू राहण्यासाठी सीजीपीए ७.०० लागतो. पहिल्या दोन सत्रांत मला ७.६० आणि ७.४० होते, तिसऱ्यात ५.०० झाले आणि गणित राहिले. नोव्हेंबरात बाबांचा पाय मोडला आणि ऐन सुगीत घर मलाच बघावे लागले. समितीने 'लेखी खुलासा व गुण भरून काढण्याची योजना' मागितली आहे, बैठक एप्रिलमध्ये आहे. मसुद्यात मी मराठी माध्यम, रोजचा प्रवास, बाबांचा अपघात ही कारणे लिहून 'पुढच्या सत्रात ९.०० मिळवीन' असे म्हटले आहे. एवढे पुरेल का? गुणपत्रके आणि गणिताच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत सोबत पाठवत आहे.

उत्तर: एवढे पुरणार नाही, आणि मसुद्यात सर्वांत जास्त नुकसान करणारे वाक्य कारणांमधले नसून ९.०० चे आहे. मी बेळगावात सत्तावीस वर्षे अभियांत्रिकीच्या मुलांना गणित शिकवले आणि त्यातली अकरा वर्षे शिष्यवृत्ती देणाऱ्या दोन समित्यांवर बसलो. असे पत्र हातात आले की सभासद आधी कारण वाचत नाहीत. कोणीतरी खिशातला मोबाईल काढून सांगितलेला आकडा खरोखर जमण्यासारखा आहे का, हे करून पाहतो. ज्या विद्यार्थिनीची आजवरची सर्वांत चांगली कामगिरी ७.६० आहे, तिने एक विषय डोक्यावर असताना ९.०० चा शब्द दिला, तर तिने हिशेब केलेला नाही एवढेच त्यातून कळते, आणि मग बाकीचे पत्रही त्याच नजरेने वाचले जाते. गंमत अशी की तुम्हाला ९.०० ची गरजच नाही.

म्हणून आधी हिशेब करू. तुमच्या तिन्ही सत्रांना प्रत्येकी २० क्रेडिट आहेत. श्रेणीचे गुण गुणिले त्या विषयाची क्रेडिट, या गुणाकाराला मी इथे क्रेडिट-गुण म्हणतो. पहिल्या सत्रात तुम्ही २० गुणिले ७.६० म्हणजे १५२ क्रेडिट-गुण मिळवले, दुसऱ्यात १४८, आणि तिसऱ्यात १००. बेरीज ४०० होते, तिला ६० ने भागले की ६.६७ येतात. सीजीपीए ७.०० असण्यासाठी ६० क्रेडिटवर ४२० हवे होते. म्हणजे तुमची तूट 'शून्य पूर्णांक तेहतीस' अशी धूसर काही नसून नेमके २० क्रेडिट-गुण आहे. हा आकडा हाती आला की पुढचे सगळे सोपे होते, कारण आता हे २० कुठे सांडले ते शोधता येते.

तिसऱ्या सत्राच्या गुणपत्रकात ते उघड दिसते. गणित ४ क्रेडिटचे आहे आणि तिथे एफ श्रेणी म्हणजे शून्य आहे. नेटवर्क अॅनालिसिसमध्ये सी, डिजिटलमध्ये आणि आणखी एका विषयात बी आहे. ते कमी आहेत, पण तिथे परत जाता येत नाही, कारण उत्तीर्ण झालेला विषय साधारणपणे श्रेणी वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही. गणित मात्र तुम्हाला द्यायचेच आहे. ते सी श्रेणीने सुटले, तर ५ गुणिले ४ म्हणजे २० क्रेडिट-गुण येतात, आणि याच तीन सत्रांचा सीजीपीए बरोबर ७.०० होतो. तुमची पूर्ण तूट एकट्या या विषयात आहे. समितीला सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच असून तुमच्या मसुद्यात तिचा उल्लेखही नाही. तिथे 'काही विषयांत कमी गुण पडले' असे लिहिले आहे.

आता सी श्रेणीसाठी काय लागेल ते पाहा. तुमचे गणिताचे अंतर्गत गुण ५० पैकी २८ आहेत आणि विषय पुन्हा देताना ते तुमच्याकडे तसेच राहणार आहेत. सत्रान्त परीक्षेत १०० पैकी २८ पडले, ते निम्मे होऊन ५० पैकी १४ धरले गेले. एकूण ४२ होऊनही विषय राहिला, कारण सत्रान्त परीक्षेत स्वतंत्रपणे किमान १८ लागतात. गुणपत्रकाच्या मागच्या तक्त्याप्रमाणे ४० ते ४९ ला पी, ५० ते ५४ ला सी आणि ५५ पासून बी आहे. म्हणजे सत्रान्त परीक्षेत १८ मिळाले तर २८ अधिक १८ असे ४६ होऊन पी श्रेणी मिळेल, आणि २२ मिळाले तर ५० होऊन सी मिळेल. शंभराच्या पेपरात सांगायचे, तर ३६ गुणांनी विषय सुटतो आणि ४४ गुणांनी तूट पूर्ण भरते. या आठ गुणांसाठी अभ्यास वेगळा आखावा लागतो. 'निदान पास तरी व्हावे' म्हणून बसणारी मुले हे आठ गुण नेहमी सोडून देतात आणि नंतर तेच क्रेडिट-गुण दुसऱ्या विषयांतून ओढून आणताना दमतात.

चौथ्या सत्राचेही २० क्रेडिट धरले, तर ८० क्रेडिटवर ७.०० साठी ५६० क्रेडिट-गुण लागतील. गणित पी श्रेणीने सुटले, तर तुमच्याकडे ४१६ असतील आणि चौथ्या सत्रात १४४ म्हणजे ७.२० पुरतील. सी श्रेणीने सुटले, तर ४२० असतील आणि ७.०० पुरतील. गणित पुन्हा राहिले, तर मात्र चौथ्या सत्रात १६० म्हणजे ८.०० लागतील, आणि तुमचा इतिहास पाहता ते धरून चालता येणार नाही. तुम्ही दुसऱ्या सत्रात मिळवलेले ७.४० हेच लक्ष्य ठेवा. ते पूर्वी गाठलेले असल्यामुळे कोणालाही अतिशयोक्त वाटणार नाही. ७.४० आणि गणितात पी असे धरले तर ५६४ भागिले ८० म्हणजे ७.०५ होतात, गणितात सी असेल तर ५६८ भागिले ८० म्हणजे ७.१०. गणित राहिले आणि बाकी सगळे ठरल्याप्रमाणे झाले, तर ६.८५. हे तिन्ही आकडे पत्रात द्या, तिसराही. तो लपवला तर सभासद स्वतः काढतातच, आणि तुम्ही दिलात तर बाकीच्या दोन आकड्यांवरचा विश्वास वाढतो. एकच काळजी घ्या: चौथ्या सत्राची क्रेडिट २० ऐवजी २२ किंवा १८ असतील, तर हे आकडे नव्याने काढावे लागतील. सत्रांच्या एसजीपीएची नुसती सरासरी काढली तरी ६.६७ येतात, पण ते केवळ क्रेडिट सारखी असल्यामुळे; पुढे तसे होईलच असे नाही. राहिलेल्या विषयाची क्रेडिट भागाकारात धरायची की नाही, याची पद्धतही सगळीकडे एकसारखी नसते. तुमच्या गुणपत्रकावर सीजीपीए ६.६७ असाच छापला आहे, म्हणजे ती धरलेली आहेत.

कारणांकडे आता येऊ. मराठी माध्यमाचे कारण पूर्णपणे काढून टाका. ते खोटे आहे म्हणून नव्हे. दहावीपर्यंत मराठीत शिकून एकदम इंग्रजी पुस्तकांवर आलेल्या आपल्या सीमाभागातल्या मुलांना पहिले वर्ष किती जड जाते, ते मी वर्गात पाहिले आहे. पण तुम्ही त्याच इंग्रजीत ७.६० आणि ७.४० मिळवले आहेत. जे कारण पहिल्या सत्रात होते आणि तेव्हा गुण पडले नाहीत, ते तिसऱ्या सत्रातील घसरणीचे कारण म्हणून टिकत नाही. प्रवासाचेही तसेच, तुम्ही पहिल्या दिवसापासून ये-जा करता. तीन कारणे एका ओळीत मांडली की खरे कारणही त्या गर्दीत पातळ होते. समितीला एकच प्रश्न पडलेला असतो: दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राच्या मध्ये काय बदलले?

बदलले ते बाबांच्या अपघाताने, आणि त्यासाठी तुमच्याकडे असा पुरावा आहे की तुम्हाला त्याची किंमत कळलेली दिसत नाही. अपघात २ नोव्हेंबरला झाला, रुग्णालयातून घरी ११ तारखेला आलात, आणि भातकापणी-मळणी उरकून तुम्ही २५ तारखेला पुन्हा कॉलेजात गेलात, म्हणजे तेवीस दिवस. पहिली अंतर्गत चाचणी ऑक्टोबरात झाली, त्यात २५ पैकी १९. दुसरी १९ नोव्हेंबरला झाली; तेवढ्यापुरत्या येऊन तुम्ही ती दिलीत, त्यात २५ पैकी ९. एकाच विषयातली, एकाच शिक्षकांनी तपासलेली ही दोन चाचण्यांची जोडी पानभर वर्णनापेक्षा जास्त बोलते.

तरीही समितीतला एखादा सभासद विचारेल की वडील नोव्हेंबरात घरी आले, परीक्षा जानेवारीत होती, मग मधले दीड महिने काय केले? मी समितीवर असतो, तर मीही हेच विचारले असते. याचे उत्तर तुमच्या उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीत आहे. पेपरात पाच मॉड्यूल, प्रत्येकी २० गुण. तुम्हाला लाप्लास रूपांतरात १३, फूरिए श्रेणीत ११, फूरिए रूपांतर व झेड-रूपांतराच्या मॉड्यूलमध्ये २, संख्यात्मक पद्धतींच्या पहिल्या मॉड्यूलमध्ये २ आणि शेवटच्यात शून्य. पहिली दोन मॉड्यूल ऑक्टोबर संपण्याआधी शिकवून झाली होती, तिसरे आणि चौथे त्या तेवीस दिवसांत. चोवीस गुण पहिल्या दोनांतून आणि चार उरलेल्या तीनांतून, असा हा पेपर आहे. जिथे वर्गात बसलात तिथे येते आणि जिथे नव्हता तिथे येत नाही, हे त्यावरून कोणालाही दिसते. शेवटचे मॉड्यूल डिसेंबरात झाले आणि तेव्हा तुम्ही वर्गात होता, पण मधले दोन नीट न कळल्यामुळे तेही हाती आले नाही, एवढे एका वाक्यात कबूल करा. सुट्टीतला वेळ वापरता आला नाही, हा भाग तुमचा आहे. तो तुमच्या नावावर घेतलात तर पत्र हलके होणार नाही.

योजनाही याच छायाप्रतीतून निघते. ४४ गुणांसाठी पाचही मॉड्यूल नव्याने करायची गरज नाही. लाप्लास १३ वरून १५ वर, फूरिए श्रेणी ११ वरून १४ वर न्यायची, संख्यात्मक पद्धतींचे चौथे मॉड्यूल २ वरून १३ वर न्यायचे आणि झेड-रूपांतराच्या मॉड्यूलमधून ६ गुण काढायचे. बेरीज ४८ होते, म्हणजे ५० पैकी २४, आणि सी श्रेणीच्या २२ वर दोन गुणांची शिल्लक राहते. चौथे मॉड्यूल मी मुद्दाम निवडले आहे. टेलर, रुंग-कुट्टा, मिल्न या पद्धतींत नवे तत्त्व थोडे आणि आकडेमोड जास्त असते. सूत्र बरोबर लिहून k₁ पासून k₄ पर्यंतच्या पायऱ्या नीट मांडल्या, की शेवटचे उत्तर दशांशात चुकले तरी पायऱ्यांचे बरेच गुण पडतात. चुकलेल्या तासांचे हे मॉड्यूल घरी बसून, शिक्षकांशिवायही भरून काढता येते. झेड-रूपांतराचे तसे नाही. परीक्षेला मात्र कॅल्क्युलेटर अंशात आहे की रेडियनमध्ये हे आधी पाहा. प्रश्नात साइन किंवा कोसाइन असेल, तर या एका चुकीने पहिल्या पायरीपासून सगळे आकडे चुकतात, आणि अशा उत्तरपत्रिका मी दरवर्षी तपासल्या आहेत.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. चौथ्या सत्रात तुम्हाला सिग्नल्स अँड सिस्टिम्स आणि कंट्रोल सिस्टिम्स आहेत. पहिल्यात फूरिए आणि दुसऱ्यात लाप्लास पानोपानी लागते. गणिताच्या त्या दोन मॉड्यूलांना दिलेले तास या विषयांतही उपयोगी पडणार आहेत. हे पत्रात लिहा, कारण 'राहिलेला विषय आणि चालू सत्र दोन्ही एकदम कसे जमवणार?' या रास्त शंकेला त्यातून अर्धे उत्तर मिळते. उरलेले अर्धे उत्तर तासांचे आहे. रविवारी तीन आणि शुक्रवारी दोन असे आठवड्याला पाच तास, एप्रिलच्या सुरुवातीपासून दहा आठवडे, म्हणजे पन्नास तास. रोज चार तास असे लिहू नका. रोज एसटीने येणारी, घरी गुरे आणि स्वयंपाक असलेली मुलगी रोज चार तास एका मागच्या विषयाला देते, यावर खानापूर भागाची माहिती असलेला एकही सभासद विश्वास ठेवणार नाही.

फेरमूल्यांकनाला अर्ज केला असेल, तर तसे एका ओळीत सांगा, पण त्यावर योजना उभारू नका. २८ चे ३६ होणे अगदीच अशक्य नसले, तरी तुमच्या छायाप्रतीत शेवटचे तीन मॉड्यूल जवळजवळ कोरे आहेत, आणि न लिहिलेल्याला फेरमूल्यांकनात गुण मिळत नाहीत.

काय मागायचे, यातही बहुतेक मुले चुकतात. अट माफ करा, असे मागू नका. ट्रस्टने एकाला माफी दिली की पुढच्या वर्षी दहा जण तीच मागतात, म्हणून समिती तिथे आखडते. तुमच्या परीक्षा जून-जुलैत आहेत आणि निकाल ऑगस्टमध्ये लागेल, तेव्हा शिष्यवृत्ती रद्द न करता १२,००० रुपयांचा दुसरा हप्ता निकालापर्यंत राखून ठेवावा, अशी विनंती करा. यात समितीचा पैसा अडकत नाही आणि नियमही मोडत नाही, त्यामुळे होकार देणे त्यांना सोपे जाते. हप्त्याशिवाय जुलैपर्यंतची फी कशी भरणार, हे मात्र आधी घरी बोलून ठरवा, कारण तो प्रश्न समोरासमोर विचारला जाऊ शकतो.

जोडायची कागदपत्रे थोडी आणि नेमकी असावीत. तिन्ही गुणपत्रके, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, दोन चाचण्यांच्या गुणांवर विभागाची सही, छायाप्रतीचे गुण असलेले पहिले पान, आणि हजेरी. गणिताची हजेरी ७६ टक्के आहे, ती विचारण्याआधीच सांगा. गैरहजेरीसाठी प्राचार्यांकडे तेव्हा अर्ज दिला असेल, तर त्याची आवक शिक्का असलेली प्रत सर्वांत मोलाची आहे, कारण ती निकालाआधीची आहे. निकालानंतर मिळवलेल्या दाखल्यांना तेवढे वजन नसते. शेतीचा उतारा, गावातल्या पुढाऱ्याचे शिफारसपत्र, जखमेचे फोटो यांतले काहीही जोडू नका. डिस्चार्ज कार्ड किंवा नाडकचेरीचा दाखला कन्नडमध्ये असेल आणि समितीत कन्नड न वाचणारे कोल्हापूरकडचे सभासद असतील, तर मागच्या बाजूला नव्हे, वेगळ्या कागदावर दोन ओळींचा मराठी सारांश टाचा. मूळ कागदावर हाताने काही लिहिले की तो कागद संशयास्पद ठरतो. एक खुलासा इथेच करतो: कर्नाटक सरकारच्या एसएसपी पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला असे पत्र चालत नाही, तिथे पोर्टलच्या अटी पूर्ण झाल्या की नाही एवढेच पाहिले जाते. पत्राचा उपयोग तुमच्यासारख्या ट्रस्टकडे, जिथे माणसे बसून निर्णय घेतात तिथे होतो.

आता पत्राचा नमुना देतो. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका आणि विषयांची नावे गुणपत्रकावर आहेत तशीच लिहा.

मा. अध्यक्ष व सदस्य, शिष्यवृत्ती समिती, यांस सविनय नमस्कार.

विषय: तिसऱ्या सत्रातील सीजीपीएच्या तुटीचा खुलासा व गुण भरून काढण्याची योजना.

महोदय, आपल्या शिष्यवृत्तीसाठी सीजीपीए ७.०० आवश्यक असून तीन सत्रांनंतर माझा सीजीपीए ६.६७ आहे. ६० क्रेडिटवर ४२० ऐवजी मला ४०० क्रेडिट-गुण मिळाले आहेत. ही २० ची तूट गणित या ४ क्रेडिटच्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यामुळे आहे. तो विषय सी श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास ती पूर्ण भरून निघते.

२ नोव्हेंबर रोजी माझ्या वडिलांचा अपघातात पाय मोडला. ११ नोव्हेंबरपर्यंत ते रुग्णालयात होते. त्यानंतर भाताची सुगी उरकेपर्यंत घर व शेतीचे काम माझ्यावर असल्याने मी २४ नोव्हेंबरपर्यंत, एकूण २३ दिवस, एक चाचणी वगळता कॉलेजात येऊ शकले नाही. गणिताच्या पहिल्या चाचणीत मला २५ पैकी १९ आणि या काळातील दुसऱ्या चाचणीत ९ गुण मिळाले. त्या दिवसांत शिकवलेली दोन मॉड्यूल मला नंतर स्वतः भरून काढता आली नाहीत, ही माझी उणीव आहे. सत्रान्त परीक्षेत माझ्या २८ गुणांपैकी २४ पहिल्या दोन मॉड्यूलमधील आहेत. गणितातील माझी हजेरी ७६ टक्के आहे.

जून-जुलैमधील परीक्षेत गणितात १०० पैकी ४८ गुणांचे लक्ष्य मी ठेवले आहे. सी श्रेणीसाठी ४४ आवश्यक आहेत. त्यासाठी दहा आठवडे, आठवड्याला पाच तास ठरवले असून चुकलेल्या संख्यात्मक पद्धतींच्या मॉड्यूलवर भर आहे. लाप्लास व फूरिए हे भाग चालू सत्रातील दोन विषयांतही लागतात. चौथ्या सत्रात दुसऱ्या सत्राइतके, म्हणजे ७.४० चे लक्ष्य आहे. दोन्ही साध्य झाल्यास सीजीपीए ७.१० होईल, गणित पी श्रेणीत सुटल्यास ७.०५ होईल, आणि गणित न सुटल्यास ६.८५ राहील व मी आपली अट पूर्ण करू शकणार नाही.

चालू सत्रातील दोन्ही चाचण्यांचे गुण मी ३१ मेपर्यंत आपल्या कार्यालयात देईन. ऑगस्टमधील निकालापर्यंत माझी शिष्यवृत्ती रद्द न करता दुसरा हप्ता राखून ठेवावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू, (सही व नोंदणी क्रमांक)

पत्रात तुम्ही 'उणीव' हा शब्द एकदाच वापरता आणि क्षमा कुठेही मागत नाही, हे लक्षात घ्या. आमच्या समितीपुढे एकदा असे पत्र आले होते, ज्यात सात ठिकाणी क्षमा मागितली होती आणि एकाही विषयाचे नाव नव्हते. मुलगा हुशार होता, पण कशावर निर्णय घ्यायचा हेच आम्हाला कळेना आणि त्याला पुन्हा लिहायला सांगण्यात महिना गेला. चाचण्यांच्या गुणांची ३१ मेची तारीख मी तुम्हाला सुचवत आहे, पण ती पाळता येईल का हे विभागात विचारूनच लिहा. शिक्षकांकडून गुण जूनमध्ये मिळत असतील, तर १५ जून लिहा. स्वतः दिलेली पहिली तारीख चुकली, तर ऑगस्टमधल्या आकड्यांवरही शंका घेतली जाते.

बैठकीला बोलावले, तर पत्र पाठ करून जाऊ नका. ४००, ४२०, ४४ आणि ७.४० हे चार आकडे कुठून आले ते कागदाशिवाय सांगता आले, की बहुतेक प्रश्न तिथेच संपतात. पुढे चौथ्या सत्राच्या पहिल्या चाचणीत सिग्नल्समध्ये २५ पैकी १२ च्या खाली गुण आले, तर ७.४० डळमळीत झाले असे समजा आणि गणितात सी ऐवजी बी, म्हणजे शंभरपैकी ५४ पर्यंत जाण्याचा विचार करा. बी मिळाल्यास चौथ्या सत्रात ६.८० पुरतात. अशा वेळी सुरुवातीला कमी गुण धरलेल्या झेड-रूपांतराच्या मॉड्यूलकडे वळावे लागेल आणि त्यातून ६ ऐवजी १२ गुण काढावे लागतील, त्यासाठी शिक्षकांकडून निदान दोन रविवार मागून घ्या.

निकाल लागला की गुणपत्रकाची वाट न पाहता संकेतस्थळावरचा निकाल छापून, नव्या बेरजेसह, आठ दिवसांच्या आत समितीच्या कार्यालयात द्या. गणित राहिले असले तरीही द्या, आणि त्या कागदावर ६.८५ किंवा जो काही आकडा आला असेल तो पहिल्या ओळीत लिहा.